सही झाली, हिशेब राहिला

नमस्कार मंडळी. आज विमा कंपनीला लिहिलेल्या एका पत्राबद्दल बोलायचं आहे. माझ्या वकिलीच्या ऑफिसात बसून, टेबलावर उघड्या फायली पसरून, तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलेलं पत्र. लिहिणारा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला एक छोटा डाळ मिलवाला. त्याचं नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

११ एप्रिलला त्याच्या गोदामाला शॉर्टसर्किटनं आग लागली. तूर, तयार डाळ, बारदाना, एक मोटर आणि टिनाच्या शेडचा अर्धा भाग गेला. आगीचा विमा होता. त्यानं १८ लाखांचा क्लेम लावला. कंपनीचा सर्व्हेअर आला, रजिस्टर पाहिलं, बिलं पाहिली, जळकं पोतं न् पोतं मोजलं. तुरीची खरेदी फेब्रुवारी-मार्चची, पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे बाकी होते. इकडे मृग लागला, पेरणी तोंडावर आली, आणि ज्यांचा माल घेतला ते रोज दारात.

त्यात बँक. मिल बंद, म्हणून कॅश क्रेडिट खात्यात, म्हणजे बँकेच्या उधारीच्या खात्यात, ११ एप्रिलपासून एक रुपयाही जमा नाही. अशा खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, तर बँक ते एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, धरते. मोजा बरं. १० जुलैला ९० दिवस भरत होते. बँकेचं पत्र २४ जूनला आलं होतं.

९ जुलैला कंपनीच्या माणसानं त्याला शहरात बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता, डिस्चार्ज व्हाउचर. रक्कम ९ लाख ४० हजार. खाली मजकूर असा की ही रक्कम मला पूर्ण व अंतिम म्हणून मान्य आहे, यापुढे माझा काही दावा राहिला नाही. रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेलाच. त्यानं विचारलं, बाकीचे? उत्तर आलं, आधी सही करा, मग पैसे सुटतील, नाहीतर फाइल परत वर जाईल. त्यानं सही केली. दुसऱ्या दिवशी बँकेचे ९० दिवस भरणार होते. पैसे १४ जुलैला आले.

१५ जुलैला तो माझ्याकडे आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, सही तं करून बसलो जी. आता बोलता येते का?"

येतं. पण कसं, ते ऐका.

कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. करार कायद्यात असं आहे की घेणेकऱ्यानं राजीखुशीनं कमी रक्कम घेऊन हिशेब मिटवला, तर तो मिटला. म्हणून सही केलेल्या प्रत्येकाला नंतर उठून "मी घाबरलो होतो" म्हणता येत नाही. पण त्याच कायद्यात कलम १६ आहे. ज्याच्या हातात तुमची मान आहे, त्यानं त्या जोरावर तुमच्याकडून गैरफायद्याचा कागद करून घेतला, तर ती संमती मोकळी नव्हती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका कापूस मिलच्या प्रकरणात सांगितलं की नुसत्या व्हाउचरच्या सहीनं विमेदाराची तक्रार संपत नाही. मात्र ती सही फसवून, दिशाभूल करून किंवा दबाव आणून घेतली हे त्यानं दाखवलं पाहिजे. पुढे २०१५ च्या सप्टेंबरात विमा नियामक प्राधिकरणानं कंपन्यांना परिपत्रक काढून बजावलं: रक्कम आणि जबाबदारी ठरली असेल तर ती अडवून धरायची नाही, आणि व्हाउचरवर सही झाली म्हणून ग्राहकाचा न्यायालयात जास्त मागण्याचा हक्क बुडत नाही.

हे ऐकून खुश होऊ नका. २०१४ च्या शेवटी त्याच सर्वोच्च न्यायालयानं एका वीजउपकरण कंपनीचा असाच दावा फेटाळला. कारण काय? दबावाचे तपशील नव्हते, नुसता आरोप होता. हरकतीची नोटीस सहीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी गेली. आणि त्या वीजउपकरण कंपनीची पैशाची अवस्था इतकी बिकट होती असं काही दिसलं नाही. मला तर हा निकाल पत्र कसं लिहावं याचा उलटा नमुनाच वाटतो. त्या तीन गोष्टी तिथं नव्हत्या, त्या आपल्या पत्रात असल्या पाहिजेत.

आता त्याचं पहिलं पत्र. ते त्यानं गावातल्या एका लिहून देणाऱ्याकडून आणलं होतं. त्यात 'फसवणूक', 'जबरदस्ती', 'मानसिक छळ', 'गुन्हा दाखल करू' असं सगळं होतं. तारीख एकच होती, ती पत्राची. आकडा एकही नव्हता. मी ते बाजूला ठेवलं. फसवणूक म्हटलं की फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि इथं कुणी खोटं बोललं नव्हतं. इथं पैसे रोखून सही घेतली होती. जे घडलं तेवढंच लिहायचं.

पत्राच्या आधी आम्ही हिशेब मांडला, आणि माझ्या मते अर्धं काम तिथंच होतं. १८ लाखांचा क्लेम आणि ९ लाख ४० हजार मिळाले, म्हणजे ८ लाख ६० हजार बाकी, असं तो धरून बसला होता. तसं नसतं. सर्व्हेअरनं बोलता बोलता त्याला नुकसान १५ लाख धरल्याचं सांगितलं होतं. १८ चे १५ झाले ते जुन्या मोटरची आणि शेडची घसारा वजावट, आणि थोडा माल पावतीशी जुळेना म्हणून. ते त्यालाही मनातून पटलेलं होतं. त्यातून अर्धवट जळालेल्या तुरीची किंमत १ लाख वजा, आणि पॉलिसीत आपल्या वाट्याला ठरलेले १० हजार वजा. राहिले १३ लाख ९० हजार. हातात आले ९ लाख ४० हजार. म्हणजे खरा वाद साडेचार लाखांचा. तो कशाचा? गोदामाच्या मागच्या खोलीतल्या तुरीचा. कंपनीचं म्हणणं, ती खोली पॉलिसीतल्या पत्त्यात बसत नाही.

इथं एक सावधगिरी. पुष्कळदा रक्कम कमी येते ती विमा कमी काढल्यामुळे. माल २५ लाखांचा आणि विमा २० लाखांचा असेल तर नुकसानीचेही शंभरातले ८० च मिळतात. तशी कपात पॉलिसीत लिहिलेली असते, आणि तिच्यावर हे पत्र चालत नाही. म्हणून आधी सर्व्हे रिपोर्ट मागा. विमेदारानं मागितली तर त्याला प्रत मिळते. आपल्या माणसाला कुणी ती दिली नव्हती आणि त्यानं मागितलीही नव्हती.

मग चौथं पत्र झालं. सावकाश वाचतो, लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

"महोदय, आपल्या कार्यालयात ९ जुलै रोजी मी डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली. १४ जुलै रोजी माझ्या खात्यात ९ लाख ४० हजार रुपये जमा झाले. ही रक्कम मी माझ्या क्लेमपोटी आलेला भाग म्हणून स्वीकारली आहे, पूर्ण व अंतिम म्हणून नाही. सहीच्या दिवशी मी बाकी रकमेबद्दल विचारलं असता, सही केल्याशिवाय कोणतीच रक्कम मिळणार नाही असं मला सांगण्यात आलं. त्या वेळी माझी मिल ११ एप्रिलपासून बंद होती, खातं एनपीए होण्यास एक दिवस उरला होता, आणि शेतकऱ्यांचे खरेदीचे पैसे देणं बाकी होते. बँकेचं २४ जूनचं पत्र सोबत जोडलं आहे. या स्थितीत सही नाकारणं मला शक्य नव्हतं. घसारा, जळक्या मालाची किंमत आणि १० हजारांची वजावट यांबद्दल माझी हरकत नाही. मागच्या खोलीतील मालाचे ४ लाख ५० हजार रुपये देय आहेत. सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि ही रक्कम नाकारण्याचं लेखी कारण १५ दिवसांत द्यावं, आणि रक्कम व्याजासह अदा करावी."

बस. एक पान. सोबत बँकेचं पत्र, बँक खात्याचा उतारा, आणि व्हाउचरचा त्यानं सही करण्याआधी मोबाईलवर काढलेला फोटो. हा फोटो त्याला सुचला म्हणून बरं, कारण प्रत कुणी दिली नव्हती. स्पीड पोस्टनं, पोच मागून, आणि त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार विभागाला ई-मेलनं. ई-मेलची तारीख कुणाला पुसता येत नाही.

यात घसाऱ्याची हरकत नाही असं लिहायला तो तयार नव्हता. "काऊन सोडायचं जी, मागून तं पाहू." मी सांगितलं, जे पटलंय ते कबूल केलं की उरलेलं खरं वाटतं. सगळंच मागणारा माणूस दबावाखाली सही केलेला दिसत नाही, पैसे मिळाल्यावर मन बदललेला दिसतो. तो गप्प झाला, मग म्हणाला, "लिवा."

ज्यांनी अजून सही केली नाही त्यांच्यासाठी: सहीखाली 'हरकत राखून' लिहिता आलं तर लिहा. समोरचा तसा कागद घेणार नाही, हे मला माहीत आहे. मग सही करण्याआधी तिथूनच, मोबाईलवरून, दोन ओळींचा ई-मेल करा की बाकी रकमेचा वाद कायम ठेवून मी सही करतो आहे. आणि पैसे येईपर्यंत थांबून नंतर पत्र लिहायचं असेल, तरी पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहा. आलेले पैसे परत करायची गरज नाही.

उत्तर आलं सव्वीस दिवसांनी, दोन ओळींचं. आपण पूर्ण व अंतिम रक्कम स्वेच्छेनं स्वीकारली आहे. सर्व्हे रिपोर्ट नाही, कारण नाही. तिथून दोन वाटा होत्या. एक विमा लोकपाल. तिथं एकट्या मालकाच्या धंद्याची आणि सूक्ष्म उद्योगाची तक्रार चालते, पण कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना उलटल्यावर किंवा नकार आल्यावर, आणि त्यानंतर वर्षाच्या आत. दुसरी जिल्हा ग्राहक आयोग. तिथं मुदत दोन वर्षांची. आम्ही आयोगात गेलो, कारण त्या टेबलावर काय बोलणं झालं हे प्रतिज्ञापत्रानं सांगायचं होतं.

कंपनीनं लेखी जबाबाला व्हाउचर जोडलं, तेच, स्टॅम्पसकट. पण खोली पत्त्यात नाही म्हणायचं तर सर्व्हे रिपोर्टही जोडावा लागला. त्यात सर्व्हेअरनं हातानं काढलेला जागेचा नकाशा होता. गोदाम आणि मागची खोली, दोन्ही एकाच भिंतीला, एकाच प्लॉट नंबरखाली, आणि खोलीवर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'विमा असलेली जागा, तूर'.