खिडक्या बदलल्या, तरी तोरणमाळची खोली थंडच! घरातली ऊब नेमकी जाते कुठून?

राम राम मंडळी.

पहाटेचे पाच. तोरणमाळ. जानेवारी महिना. खोलीत दोन हजार वॉटचा हीटर रात्रभर चालू आहे, अंगावर दोन गोधड्या आहेत, आणि तरी कपाळावर टपकन पाण्याचा थेंब पडतो. वर बघितलं तर पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे दहिवर साचलेलं. पाऊस नाही, छत गळत नाही, मग हे पाणी आलं कुठून?

ही खोली आमच्या ओळखीतल्या एका आप्पांची. पर्यटकांसाठी त्यांनी तीन खोल्या बांधल्या. थंडीची तक्रार आली म्हणून खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवल्या. खर्च बराच झाला. मग मला फोन : "काय भो, काचा डबल केल्या, थंडी सिंगल पण नाही झाली!"

जळगाव-धुळ्यात बसून हा व्हिडिओ बघणाऱ्यांना हसू येईल. आपल्याकडे घर थंड कसं करायचं हा प्रश्न, गरम कसं ठेवायचं हा नाही. पण सातपुड्यात वर गेलं की गोष्ट बदलते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, आणि अक्कलकुव्याच्या डाब भागात कडक थंडीत दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता आप्पांची खोली मोजू. वीस फूट बाय साडेसोळा, म्हणजे 6 बाय 5 मीटर. उंची 2.7 मीटर. विटांच्या नऊ इंची भिंती, दोन्हीकडून प्लास्टर. वर साधा पत्रा. दोन खिडक्या मिळून 3 चौरस मीटर, एक दार.

उष्णता किती जाते हे दोन गोष्टींवर ठरतं : पृष्ठभाग किती मोठा आहे, आणि तो उष्णतेला किती सहज वाट देतो. या दुसऱ्या गोष्टीला यू-व्हॅल्यू म्हणतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट निघून जातात, तो हा आकडा. जास्त म्हणजे वाईट. साध्या पत्र्याचा साधारण 7 असतो, एकेरी काचेचा पावणेसहाच्या आसपास, नऊ इंची विटेच्या भिंतीचा 2.

गंमत इथेच आहे. काच आणि पत्रा दोघंही जवळजवळ सारखेच वाईट. पण काच आहे 3 चौरस मीटर आणि पत्रा 30.

(पडद्यावर आकडे)

पत्रा : 30 गुणिले 7, म्हणजे 210.
भिंती : 54 गुणिले 2, म्हणजे 108.
फटींतून ये-जा करणारी हवा : 80.
जमीन : 20.
खिडक्या, जुन्या एकेरी काचेच्या : 17.
दार : 5.

एकूण 440. म्हणजे बाहेरच्यापेक्षा आत एक अंश जास्त ठेवायला 440 वॉट लागतात. आप्पांचा हीटर 2000 वॉटचा. 2000 ला 440 ने भागा. उत्तर साडेचार. बाहेर सहा अंश असतील तर रात्रभर हीटर जाळून आत जेमतेम साडेदहा! आणि दुहेरी काचेने काय वाचलं? 17 चे झाले 8. चारशे चाळीसमधले नऊ. घागरीला भोक बुडाशी आणि आपण काठाला लांबी लावतोय.

याचा अर्थ दुहेरी काच वाईट असा नाही. काचेशेजारी बसलेल्या माणसाला फरक जाणवतो, आवाजही कमी येतो. पण पहिला पैसा तिच्यावर घालायचा नव्हता.

आता पत्र्याकडे नीट बघू, कारण तो माझ्या हिशेबापेक्षाही वाईट वागतो. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतो, आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. उघड्यावर लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर सकाळी दव असतं आणि झाडाखालच्या सीटवर नसतं, त्याचं कारण हेच. म्हणून बाहेर सहा अंश असताना पत्रा आतून पाचवर आला होता. रात्रभर श्वासातून निघालेली वाफ त्याला लागली की पाणी होणारच. आप्पा गळती समजून पत्र्याच्या स्क्रूंना सीलंट लावत बसले होते.

हे मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं, ती पिस्तुलासारखी बंदूक असते ना, ती. एक सावधगिरी. चकचकीत पत्र्यावर ही बंदूक सरळ खोटं बोलते, कारण तिला पत्रा दिसत नाही, पत्र्यातलं प्रतिबिंब दिसतं. म्हणून पत्र्याला कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, थोडा वेळ थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा. मोजायची वेळ पहाटेची, सूर्य उगवायच्या आधी. दुपारी मोजून काही कळत नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे आकडे माहीत नव्हते, पण खान्देशातलं धाब्याचं घर आठवा. लाकडी पाट्या, वर काड्या-पऱ्हाट्या, त्यावर फूटभर माती, आणि पावसाळ्याआधी खारी मातीचा थर. त्या छताची यू-व्हॅल्यू दोनच्या आत येते. पत्र्यापेक्षा जवळपास चौपट चांगली, शिवाय दिवसाचं ऊन साठवून ते रात्री हळूहळू आत सोडतं. मात्र त्याचं वजन भयंकर असतं, दरवर्षी निगा लागते आणि सातपुड्यातल्या पावसात ते सांभाळणं कठीण, म्हणून मी आप्पांना "पत्रा काढा, धाबं घाला" असं म्हटलं नाही.

मग केलं काय? पत्र्याखाली फॉल्स सीलिंगचा सांगाडा घेतला आणि त्यावर रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीच्या, दोन इंची पट्ट्या टाकल्या. क्रम इथे फार महत्त्वाचा. खोलीच्या बाजूने मोजायचं तर आधी सीलिंगचा बोर्ड, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर रॉकवूल, मग मोकळी हवा, आणि सगळ्यात वर पत्रा. प्लास्टिक कशाला? खोलीतली वाफ रॉकवूलमध्ये शिरू नये म्हणून. शिरली तर थंड पत्र्याजवळ तिचं पाणी होतं, लोकर भिजते, आणि भिजलेल्या लोकरीत ऊब थांबत नाही. कागदाचे जोड टेपने बंद करायचे, दिव्याच्या वायरीसाठी पाडलेलं भोकसुद्धा. आणि वरच्या मोकळ्या जागेला दोन्ही वळचणींना वाट ठेवायची, जाळी लावून, म्हणजे चुकून साचलेली ओल वाऱ्याने वाळते.

आमच्या मिस्त्रीने पहिल्या खोलीत प्लास्टिक उलट, रॉकवूलच्या वर घातलं. "पत्र्याचं पाणी खाली पडू नये म्हणून," म्हणे. विचार वाईट नव्हता. पण आठवड्याने उघडलं तर पट्ट्या ओल्या. पुन्हा काढून घातल्या.

थर्मोकोल चालेल का? दोन इंची थर्मोकोल ऊब जवळपास तितकीच धरतो आणि स्वस्तही पडतो. पण तो पेटतो आणि धूर विषारी होतो. उघडा ठेवायचा नाही, खाली बोर्ड हवाच, आणि चुलीच्या खोलीत मुळीच नको. नवापूरकडे भात होतो, तिथल्या गिरणीतला कोंडा पोत्यांत भरून चार इंच जाडीने टाकला तर तोही चांगलं काम करतो. फक्त उंदीर आणि ओल या दोघांशी भांडायची तयारी ठेवा, आणि आगीपासून तोही जपावा लागतो. राहिला तो चांदीसारखा चमकणारा फुग्यांचा शीट. तो पत्र्याला चिकटवून लावला तर त्याची चमक वाया जाते, समोर हवेची पोकळी हवीच. शिवाय उन्हाळ्यात वरून येणारी उष्णता तो जितकी छान परतवतो, तितकी हिवाळ्यात खालून वर जाणारी अडवत नाही. नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट हवेची. हिच्यावर खर्च सगळ्यात कमी आणि लक्षही सगळ्यात कमी. पत्रा भिंतीवर टेकतो तिथे नाळ्यांच्या खाली अर्धचंद्रासारख्या फटी राहतात. उदबत्ती पेटवून त्या फटीजवळ, दाराखाली, चौकटीभोवती धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर ती तुमची गळती. आप्पांच्या खोलीत तो असा पळाला की विचारू नका. कुडाच्या घरांत तर भिंतीच फटींच्या असतात. तिथे आतून माती-शेणाचा लेप नीट करणं हेच पहिलं इन्सुलेशन.

पण एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. जिथे शेगडी पेटते तिथे हवेची वाट उघडीच राहिली पाहिजे.

आता जमीन. थंडीच्या व्हिडिओंमध्ये लोक जमिनीखाली इन्सुलेशन घालताना दाखवतात आणि आपल्याकडचेही विचारतात. लडाखमध्ये ते बरोबर आहे. जमिनीच्या पोटातलं तापमान त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आणि लेहची सरासरी एक आकडी आहे. तिथे जमीन बारा महिने ऊब पीत राहते. तोरणमाळचं काय? जळगावची सरासरी 27 च्या आसपास, आणि हजार मीटर वर चढलं की सहा-साडेसहा अंश कमी होतात. म्हणजे तिथली खोल जमीन वीस-एकवीस अंशांवर असते, हिवाळ्यातल्या खोलीपेक्षा गरम! आप्पांच्या घरातून ऊब जाते ती फक्त कडेच्या जोत्यातून. पाय गार पडतात कारण फरशी पायातली ऊब पटकन ओढते. त्याला सतरंजी पुरे. फरशी उखडू नका.

म्हणून ही क्रमवारी आप्पांच्या खोलीची, ती तुम्ही जशीच्या तशी उचलू नका. स्लॅबचं घर असेल तर छताची यू-व्हॅल्यू चारच्या आसपास येते, मग छत आणि भिंती जवळपास बरोबरीला येतात. दुमजली असेल तर छत तेवढंच राहतं आणि भिंती दुप्पट होतात, त्या पहिल्या. आणि दरीचा नजारा दिसावा म्हणून कुणी अख्खी भिंत काचेची केली असेल, तर त्याने दुहेरी काच जरूर बसवावी.

आप्पांकडे छत आणि फटी झाल्यावर आकडा 440 वरून 186 वर आला. यात त्यांच्या दुहेरी काचाही धरल्यात, उगाच वाईट वाटायला नको. तोच 2000 वॉटचा हीटर आता हिशेबाने पावणेअकरा अंशांचा फरक ठेवू शकतो. आप्पा म्हणाले, दोन इंचांचं चार इंच करू. मी नको म्हटलं. पहिल्या दोन इंचांनी छताचे 210 चे 18 केले, पुढचे दोन इंच 18 चे 10 करतील.

कामानंतर पुन्हा पहाटे गेलो. बाहेर सहा, खोलीत साडेपंधरा. हिशेबापेक्षा अंशभर कमीच, कारण रात्री पाहुणे दोनदा दार उघडून चांदण्या बघायला गेले होते. सीलिंग कोरडं, पंधराच्या आसपास. मग बंदूक भिंतीवर धरली, तर साडेबारा. आता घरातली सगळ्यात मोठी गळती तीच, 186 मधले 108. उत्तरेची भिंत बाहेरून झाकायची की आतून, यावर आप्पांचा आणि मिस्त्रीचा वाद चालू आहे. मी बाहेरूनच्या बाजूने आहे, कारण दिवसा तापलेल्या विटेची ऊब मग आतच राहते. मिस्त्री म्हणतो, पावसाळ्यात बाहेरचं प्लास्टर टिकवून दाखवा. त्याचंही खोटं नाही.