चुलीपुढच्या सरक्या

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, नसतील झाली तर ताट घेऊन बसा, मी काय म्हणतो ते जेवता जेवताही ऐकता येतं. आजचा विषय पैशाचा हाय. म्हणजे साठवलेल्या पैशाचा. घरात दोन-चार-सहा लाख गाठीशी आले, कोणाचे नोकरीतून, कोणाचे रस्त्यात जमीन गेली त्याचे, आणि डोक्यात एक धंदा बसला, तर त्यात किती टाकायचे. धंदा चांगला की वाईट हे मी सांगणार नाही, ते मले समजतही नाही. किती टाकायचे, एवढंच.

त्यासाठी मी तुमाले माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी आतापर्यंत निदान पंधरा लग्नांत सांगितली असेल, आमच्या घरचे तर मी सुरू केलं की उठून जातात, पण रेडिओवर पहिल्यांदाच सांगून रायलो.

तर दादा आमचा यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. चार एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. आठ वर्षं पुण्यात गाडी चालवली आणि 2023 च्या उन्हाळ्यात सहा लाख रुपये घेऊन घरी आला, आता परत जात नाही म्हणे. घरी वहिनी, पोरगी बारावीत जाणार, पोरगा सातवीत, आणि मावशी, तिले शुगर आणि बीपी दोन्ही. दादाच्या डोक्यात बंदिस्त शेळीपालन. कुठंतरी दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आला होता, तिथून एक छापील कागद आणलेला. 50 शेळ्या, 2 बोकड. शेळी 8 हजाराची, म्हणजे 4 लाख. बोकड दोन, 30 हजार. शेड 1 लाख 30 हजार. कडबाकुट्टी, गव्हाणी, बाकी किरकोळ 40 हजार. झाले सहा लाख, एकदम फिट्ट. आणि कागदाच्या खाली लिहिलेलं, पहिल्या वर्षी 100 पिल्लं, एकेक सहा हजाराला, म्हणजे सहा लाख परत. वर शेळ्या फुकट!

आता इथं मधातच एक सांगतो. पेपरात ते फोटो येतात ना, पांढरा शर्ट घातलेला माणूस बोकडाच्या गळ्यात हात टाकून उभा, नोकरी सोडली अन् लाखो कमावले, ते फोटो नेहमी शेड नवं असतानाच काढलेले असतात, पत्रा चकाकत असतो बघा. तीन वर्षांनी त्याच शेडचा फोटो छापा म्हणावं. आणि शेडपुढचा कडुलिंब बी तोडतात हे लोक, फोटोत पत्रा झाकला जातो म्हणून, विदर्भात, मे महिन्यात, कडुलिंब तोडतात! जाऊ द्या.

तर त्या रात्री मी तिथंच होतो. जेवणं झाल्यावर दादानं कागद वाचून दाखवला. वहिनी चुलीपुढं बसलेली, गॅस हाय घरात पण भाकरी चुलीवरच होते. तिनं सगळं ऐकलं आणि काही न बोलता उठली, ढेपीच्या पोत्याशेजारी सरकीचं गाठोडं होतं, त्यातून मूठ-मूठ सरकी आणून मोजायला बसली. 120 सरक्या मोजल्या. म्हणे, "एक सरकी म्हणजे पाच हजार. हे तुमचे सहा लाख."

मग म्हणे, "मले सांगा, जूनमध्ये शेळ्या आणल्या तर पहिला पैसा कधी?"

दादा म्हणाला वर्षभरात. वहिनी माहेरी शेळ्यांतच वाढलेली. ती बोटावर मोजायला लागली. नवीन जागेत शेळी रुळायला, माजावर यायला महिना. पाच महिने गाभण. म्हणजे डिसेंबरात पिल्लू. ते खाटकाच्या वजनाचं व्हायला आठ-नऊ महिने. "सप्टेंबर आला नं बापा, पुढच्या सालचा. पंधरा महिने झाले." दादा म्हणाला ईदला विकू, ईदचा भाव कागदात धरलाय. ती म्हणे, "कुर्बानीले वर्षाचा बोकड लागते. पुढची ईद जूनमध्ये हाय, तुमचे बोकड तवा सहा महिन्याचे. तो भाव त्याच्या पुढच्या सालचा." आणि खरंच, 2024 ची बकरी ईद 17 जूनला होती, हिशेब बरोबर होता बाईचा.

तर पंधरा महिने. हे लक्षात ठेवा, पुन्हा सांगतो, पंधरा महिने खिशात येणार काही नाही आणि जाणार मात्र रोज. नफा किती हे सगळेच विचारतात, रिकामे महिने किती हे कोणी विचारत नाही.

मग तिनं ढीग करायला घेतले. घरखर्च महिन्याले 12 हजार, पंधरा महिन्याचे 1 लाख 80 हजार, 36 सरक्या बाजूले. दादा म्हणाला अगं वावर हाय ना. तर म्हणे, "वावर पिकलं तर वरचं. 2017 च्या बोंडअळीत काय आलं होतं हाती, पऱ्हाट्या." गप बसला तो. पोरीची बारावी झाली की नर्सिंगले घालायचं, 80 हजार, 16 सरक्या. मावशीच्या नावानं 50 हजार, 10 सरक्या, रात्री-बेरात्री यवतमाळले न्यावं लागलं तर. पुढच्या खरिपाचं बी-खत 40 हजार, 8 सरक्या. झाल्या 70. समोर राहिल्या 50. अडीच लाख.

मले वाटलं झालं, आता अडीच लाखाच्या शेळ्या घेतील. दादालेही तेच वाटलं. पण वहिनीनं त्या 50 सरक्या चुलीच्या तोंडाशी ओढल्या. निखारे होते अजून. म्हणे, "हे गेले समजा. रोग आला, सगळं गेलं. टाकू?" दादा हसला, म्हणे टाक, धंदा म्हटला की जोखीम आलीच. तिनं चार सरक्या खरंच टाकल्या, तडतडल्या. "वीस हजार गेले." अजून चार. असं करत करत, आणि मी त्याच्या तोंडाकडं पाहून रायलो होतो, पंचवीस-सत्तावीसच्या पुढं त्याचा चेहराच बदलला, तिचा हात धरला त्यानं, म्हणे बस. हातानं टाकलेल्या थोड्याच होत्या, बाकीच्या ती नुसत्या पुढं सरकवत होती, पण माणूस घामेजला होता. ती म्हणे, "भिशी बुडाली तवा 18 हजार गेले होते तुमचे, आठ दिवस बोलले नाही कोणाशी. मले माहीत हाय तुमचा जीव केवढा हाय ते."

हेच आजचं सांगणं हाय. घराची ऐपत वेगळी आणि जिवाची ताकद वेगळी. घराची ऐपत म्हणजे रिकाम्या महिन्यांचा खर्च, पोरांचं शिक्षण, म्हाताऱ्यांचं दुखणं, पुढची पेरणी हे सगळं बाजूला काढून जे उरतं ते. जिवाची ताकद म्हणजे जे बुडालं तरी तुमाले रात्री झोप लागते ते. आणि ती पारावर बसून काय बोलता त्यावरून नाही समजत, मागच्या वेळी पैसे बुडाले तवा तुमी काय केलं त्यावरून समजते. बायकोले विचारा, तिले पाठ असते. दोन्ही आकडे काढायचे आणि जो लहान, तो धरायचा. दादाच्या घराची ऐपत अडीच लाख, जिवाची ताकद 1 लाख 35 हजार. धरायचे 1 लाख 35 हजार. उलटंही असते बरं, कोणी दहा लाख बुडाले तरी घोरत झोपणारा, पण घरात लग्नाची पोरगी आणि पाठीवर सोसायटीचं कर्ज, मग त्याच्यासाठी ऐपतीचा आकडा लहान, तो धरायचा.

तर 27 सरक्यांत 10 शेळ्या आणि 1 बोकड. शेळ्या 80 हजार, बोकड 15, बांबू-पत्र्याचं शेड 30, औषध-लस 10. उरलेले 1 लाख 15 हजार पोस्टात, 70 सरक्यांचे बँकेत वेगळे.

आणि झालं काय! सात शेळ्या एकाच कळपातून घेतल्या, चांगल्या होत्या. तीन राहिल्या होत्या त्या आठवडी बाजारातून आणल्या आणि त्याच दिवशी सरळ सातांत सोडल्या. नवीन जनावर पंधरा-वीस दिवस वेगळं बांधतात हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं त्याले, कागदावरही होतं, पण शेड एकच, वेगळं बांधणार कुठं. आणि पीपीआर म्हणजे शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस पुढच्या आठवड्यात देऊ म्हणे. ऑगस्टात ताप आला, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण. तीन मेल्या, दोन गाभडल्या. पाच व्याल्या, आठ पिल्लं झाली, त्यातलं एक थंडीत गेलं. सात उरली, चार बोकड आणि तीन पाटी, म्हणजे माद्या. पाटी ठेवल्या, बोकड सप्टेंबर 2024 मध्ये साडेपाच हजारानं विकले. हातात आले 22 हजार. पंधरा महिन्यांनी!

आता हेच 50 शेळ्यांचं करा. दहात तीन मेल्या तर पन्नासात पंधरा, सव्वा लाखाच्या जवळपास एका महिन्यात पुरलं असतं खड्ड्यात, आणि घरात किराण्याले पैसा नाही, म्हणजे उरलेल्या पस्तीस पडेल भावात विकायच्या, गाभण असल्या तरी. धंदे इथं मरतात बरं, रोगानं नाही, घाईत विकल्यानं. शेळ्या मेल्या त्या रात्री दादा जेवला होता, मी फोन केला तवा जेवूनच रायला होता. पोरगी नर्सिंगले गेली, तिच्या सोळा सरक्यांले कोणी हात नाही लावला.

अनुदानाचं बरेच जण विचारतात. मिळते, घ्या, पण ते टप्प्यानं आणि मागून येते, आधी तुमचा नाहीतर बँकेचा पैसा अडकतो, म्हणून रिकाम्या महिन्यांच्या हिशेबात ते धरू नका. एवढंच त्यावर.

आता दादाकडं अठरा शेळ्या हायेत, यंदा लस वेळेवर दिली, बाजूले एक लहान खोपा केला नवीन जनावरासाठी. आणि परवा गेलो तर म्हणे दालमिल टाकायची, तुरीले गावातच भाव भेटते. वहिनीनं फडताळावरून चहापत्तीचा डबा काढला, त्यात सरक्या जपून ठेवलेल्या. झाकण उघडून पाहते तर उंदरानं तळ कुरतडलेला, मोजल्या तर नऊ कमी. माझ्याकडं पाहून म्हणे, "भाऊजी, हे पंचेचाळीस हजार आता कोणाच्या खात्यात टाकू?"

बरं मंडळी, वेळ झाली, पुढं भजनं हायेत. नमस्कार.