'नंतर लावतो' : एकदाचा विसर की कायमची रीत?

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात विवाह समुपदेशिकेने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. 'नंतर फोन लावतो' म्हणायचं आणि लावायचा नाही, हा आजचा विषय वाचून काही जणींनी नवऱ्याला धरून आणलेलं दिसतंय, आणि ते सगळे नवरे शेवटच्या रांगेत आहेत. बसा, बसा, तिथेही ऐकू येतं. आणि हे फक्त पुरुषांचंच दुखणं आहे असं समजू नका. 'मीटिंगमध्ये आहे, लावते' असं सांगून रात्री थेट घरीच उगवणाऱ्या बायकांचे नवरेही माझ्याकडे येतात. फक्त ते एकेकटे येतात आणि आल्याचं कुणाला सांगू नका म्हणतात.

एखादा माणूस असा का वागतो हे शोधायला हॅरॉल्ड केली या मानसशास्त्रज्ञाचे तीन प्रश्न आज मला सांगायचे आहेत. १९६७ सालचे आहेत, पण मोबाइलवर चपखल बसतात. त्याआधी एक गोष्ट सांगते, नाहीतर प्रश्न कोरडे वाटतील. दोन-तीन जोडप्यांची मिळून एक केली आहे, तेव्हा कुणी शेजारणीकडे बघू नये.

तो मुंबईला नोकरीला, पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन करणारा. ती सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते, घर इंदिरानगरला. संध्याकाळी ती घरी पोचली की फोन करते. तो उचलतो, मागे पत्त्यांचा गलका. 'अगं गर्दी आहे, नंतर लावतो.' आता पासवाल्यांचा डबा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तिथे वाढदिवस होतात, भजनं होतात, कुणाच्या मुलीला दहावीत किती टक्के पडले हे तिच्या काकांच्या आधी डब्याला कळतं. फोन घेऊन दाराशी जायचं म्हणजे चालू डाव मोडायचा, आणि तीन जणांचे टोमणे ऐकायचे ते वेगळे. मग कल्याण जातं, कसारा येतो, घाट लागतो, बोगद्यात रेंज जाते, इगतपुरीला डोळा लागतो आणि नाशिकरोड येतं. दाराचं लॅच वाजतं. ती विचारते, फोनचं काय झालं? 'अगं, आलो की घरी! आता कशाला फोन?' (हशा)

हसलात, कारण हे वाक्य तुमच्याही घरातलं आहे. त्याच्या लेखी तो घरी आला, विषय मिटला. तिच्या लेखी गॅसच्या ओट्याशी फोन शेजारी ठेवून काढलेली संध्याकाळ कुणी मोजलीच नाही.

दोघं आले तेव्हा ती म्हणत होती, 'कधीच लावत नाही.' तो म्हणत होता, 'बहुतेक वेळा लावतो.' मी वही दिली. चार आठवडे, जेव्हा जेव्हा 'लावतो' असं म्हटलं जाईल तेव्हा एक ओळ लिहायची: बोलणं कशाचं होतं, फोन आला का, आणि नाही आला तर त्याची आठवण आधी कुणी काढली. शेवटचा रकाना महत्त्वाचा, तो विसरू नका. वही भरली तेव्हा दोघंही चुकलेले. साधारण तिनातला एक फोन येत होता. आलेला फोन दोन मिनिटांत संपतो आणि विसरला जातो. न आलेला मात्र रात्रीपर्यंत डोक्यात जागा असतो, म्हणून तिचं 'कधीच'. त्याच्या मनात लावायचं होतं हे खरंच होतं, आणि मनात होतं तेवढ्यावर त्याने स्वतःला पास करून टाकलं होतं, म्हणून त्याचं 'बहुतेक वेळा'.

इथे विसरण्याबद्दल एक सांगायला हवं. पुढे करायची गोष्ट लक्षात ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये ही वाटणी मांडली. हा आइन्स्टाइन वेगळा, सापेक्षतेशी त्याचा संबंध नाही. 'अमुक वेळाने कर' हे आठवायला स्वतःलाच घड्याळावर नजर ठेवावी लागते. 'अमुक घडलं की कर' यात ती घडणारी गोष्टच आठवण करून देते. 'नंतर' यात तर ना घड्याळ, ना घटना. तेव्हा आम्ही 'नंतर' बंद केलं. कसाऱ्याला घाट चढायला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लागतं, गाडी थांबते आणि रेंजही असते. खूण ठरली ती अशी की कसाऱ्याला गाडी थांबली की पत्ते खाली आणि फोन हातात.

आणि फोन यायला लागले! किराण्याचे, मुलाच्या गॅदरिंगचे, सासूबाईंच्या गोळ्यांचे. एखादा चुकलाच तर इगतपुरीहून मेसेज, 'राहिलं गं, घरी बोलू.' म्हणजे आठवण आधी त्याने काढली. मात्र वहीत एक विषय होता ज्याचा फोन कसाऱ्यालाही आला नाही, इगतपुरीलाही नाही. फ्लॅटच्या कर्जाचा. गाडी थांबायची, रेंज असायची, बँकर लागायचा आणि हा खिडकीतून भेळवाला बघायचा.

आयोजकांची चिठ्ठी आलीये. दुसरी आहे म्हणे, पहिली माझ्या पदराखाली सापडली. दहा मिनिटं उरलीत, तेव्हा केलीचे तीन प्रश्न आता पळवतच घेते.

पहिला प्रश्न, हे पुन्हापुन्हा होतं का? वेगळ्या दिवशी, वेगळ्या परिस्थितीत? नसेल तर कारण त्या दिवसात शोधा. ऑडिट होतं, बॅटरी गेली, ताप होता. दुसरा, हा माणूस बाकीच्यांशीही असाच वागतो का? आईला, साहेबांना, मित्रांनाही परत फोन लावत नसेल तर ती त्याची सवय आहे. त्रास तुम्हाला होतो, पण रोख तुमच्यावर नाही. अशा माणसाला खूण लावून दिली की बरंच सुधारतं. सगळ्यांना लावतो आणि तुम्हालाच नाही, तर गाठ तुमच्या दोघांत आहे. तिसरा, जरा झोंबणारा. तुम्हाला इतर लोकही परत फोन करायचं टाळतात का? तसं असेल तर आपण कोणत्या वेळी फोन करतो आणि किती लांबवतो, हेही वहीत लिहावं.

आमच्या जोडप्यात गाठ आणखी बारीक निघाली. तिला टाळणं नव्हतं, कर्ज टाळणं होतं. हप्ता वाढला होता आणि भावाला दिलेले पैसे त्याने सांगितले नव्हते. ते बोलणं फोनवर होणारच नव्हतं. रविवारी सकाळी पासबुक समोर घेऊन बसायचं ठरलं. पहिल्या रविवारी भांडण झालं, दुसऱ्या रविवारी हिशोब.

आता ज्यांची वही वेगळं सांगेल त्यांच्यासाठी. खूण ठरवली, विषय साधा होता, बाकी सगळ्यांना फोन जातात, तुम्हाला जात नाही आणि आठवणही दरवेळी तुम्हीच काढता. महिना-दीड महिना असंच चाललं तर तो विसर नाही. मधेच एखादा फोन येतो, फार गोड येतो, आणि आपण पुन्हा वाट बघायला लागतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या पुस्तकात प्राण्यांवरचे प्रयोग दिले आहेत. खाणं दरवेळी मिळत असेल आणि मग बंद झालं, तर कळ दाबणं लवकर सुटतं. कधीमधीच मिळत असेल तर फार काळ सुटत नाही. म्हणून त्या एका गोड फोनवरून निर्णय घेऊ नका, रकाना बघा.

आणि स्पष्ट बोला, तेही फोनवर नाही, समोर बसून. 'तुला संध्याकाळी बोलायचं नसेल तर नाही म्हण, मी माझी कामं उरकते. पण लावतो म्हणू नकोस.' 'नाही' म्हणायची मुभा दिल्यावर बरेच जण निम्म्या वेळा नाही म्हणतात आणि उरलेल्या वेळी खरंच लावतात. जो तरीही 'लावतो'च म्हणतो आणि लावत नाही, त्याच्या फोनवर गॅस सिलिंडर, मुलाची फी, डॉक्टरची वेळ असलं काहीही अडकवून ठेवू नका. ती कामं करून टाका आणि पुढचं बोलणं फोनचं नाही, संसाराचं आहे असं समजून बसा. तिसरी चिठ्ठी आली. आता प्रश्न घेते, शेवटच्या रांगेपासून सुरू करू.