अर्ध्यातच रिक्रूटर बदलला? नव्या माणसाला पहिला मेल असा लिहा

नमस्कार मंडळी. दोन राउंड झाले, फीडबॅक चांगला आहे असं फोनवर कळलं, आणि मग दोन-अडीच आठवडे सगळं गप्प. एक दिवस अनोळखी नावाने मेल येतो: "तुमची प्रोसेस यापुढे मी बघणार आहे. तुमचे डिटेल्स पाठवाल का?"

इथे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी नुसता रेझ्युमे जोडून "प्लीज फाइंड अटॅच्ड" लिहून मोकळं होतं, तर कुणी आधीच्या रिक्रूटरने कसं लटकवलं याची सगळी कहाणी लिहून काढतं. दोन्ही मेल वाचून नव्या रिक्रूटरच्या हाती काहीच लागत नाही.

मी रिक्रूटमेंटमध्येच काम करते, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय दिसतं ते आधी सांगते. एखादी सहकारी नोकरी सोडते, रजेवर जाते किंवा दुसऱ्या टीमला जाते, तेव्हा तिच्या सगळ्या पोझिशन्स एका झटक्यात आमच्या नावावर येतात. सिस्टिममध्ये, म्हणजे ज्याला आम्ही एटीएस म्हणतो त्यात, तुमचा रेझ्युमे असतो, अर्जात भरलेले आकडे असतात आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी फीडबॅक फॉर्म भरला असेल तर तोही असतो. फोनवर झालेलं बोलणं मात्र कुणी टिपून ठेवलं असेल तरच सापडतं. बऱ्याचदा ठेवलेलं नसतं.

म्हणून तुमच्या मेलमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात: आत्तापर्यंत काय झालं, तोंडी काय बोलणं झालं होतं, आणि अर्ज केल्यापासून काय बदललं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक मुलगी धरा, टेस्टिंगमध्ये सहा वर्षांचा अनुभव. मे महिन्यात अर्ज केला तेव्हा तिने नोटीस पिरियड ९० दिवस भरला. २ जूनला तिने राजीनामा दिला, म्हणजे शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. पहिला टेक्निकल राउंड १८ जूनला झाला, दुसरा १ जुलैला. ३ जुलैला जुन्या रिक्रूटरचा फोन आला: फीडबॅक चांगला आहे, पुढच्या आठवड्यात मॅनेजर राउंड लावते. त्यानंतर शांतता. २१ जुलैला नव्या रिक्रूटरचा मेल. आज २२ जुलै.

आता बघा, सिस्टिममध्ये अजूनही ९० दिवसच दिसतायत. खरं तर ती ४० दिवसांत मोकळी होणार आहे. माणूस लवकर हवा असलेल्या मॅनेजरसाठी हा फरक मोठा आहे, आणि तो तिने सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

दुसरी अडचण फीडबॅकची. इंटरव्ह्यू झाला, पण घेणाऱ्याने फॉर्म भरलाच नाही, असं सर्रास होतं. मग सिस्टिम दाखवते की दुसरा राउंड बाकी आहे, आणि नवी रिक्रूटर तुम्हाला तोच राउंड पुन्हा द्यायला बोलावते. तसं बोलावणं आलं तर चिडू नका. बहुतेक वेळा फॉर्म रिकामा राहिलेला असतो. राउंडची तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव दिलंत की ती थेट त्या माणसाकडून फीडबॅक मागवू शकते. हे सगळं तुमच्या कॅलेंडर इन्व्हाइटमध्ये असतं.

आता मेल. हा इंग्रजीतच जाईल, मी मराठीत वाचून दाखवते म्हणजे ओघ कळेल. नवा मेल उघडू नका, जुन्याच थ्रेडला रिप्लाय ऑल करा, आणि नव्या रिक्रूटरचा पत्ता त्यात नसेल तर तो टाका. जुनं बोलणं खाली आपोआप दिसतं.

[स्क्रीनवर मेल]

"नमस्कार. मी सीनियर टेस्ट इंजिनिअर, पुणे, या जागेसाठी प्रोसेसमध्ये आहे. जॉब आयडी खाली दिला आहे. सहा वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची तीन ऑटोमेशनमध्ये.

दोन टेक्निकल राउंड झाले आहेत, १८ जून आणि १ जुलै. घेणाऱ्यांची नावं आणि वेळा खाली आहेत. ३ जुलैच्या फोनवर पुढचा राउंड मॅनेजरसोबत असेल असं कळलं होतं, तो अजून ठरलेला नाही.

अर्जात नोटीस ९० दिवस आहे. त्यानंतर मी राजीनामा दिला असून माझा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट आहे. माझ्याकडे दुसरी एक ऑफर आहे, तिला २८ जुलैपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

सध्याचा पगार फिक्स्ड १४ लाख, अपेक्षा फिक्स्ड १९ लाख, अर्जात दिल्याप्रमाणेच. फोनवर बोलताना ही रक्कम या जागेच्या बँडमध्ये बसते असं कळलं होतं. तुमच्याकडे तशी नोंद आहे का?

मॅनेजर राउंड २५ जुलैपर्यंत होऊ शकेल का?"

बस, एवढंच. स्क्रोल न करता वाचून होतं.

यातल्या पगाराच्या ओळीवर जरा थांबू. "तुमच्या सहकाऱ्याने १९ लाखांचं प्रॉमिस केलं होतं" असं लिहिलंत की नवी रिक्रूटर सावध होते. तिने काही कबूल केलेलं नाही, आणि ऑफरच्या रकमेला मंजुरी सहसा तिच्या वरून कुठून तरी येते. "नोंद आहे का" असं विचारलं की तिला फक्त तपासून सांगायचं असतं. बँड १७ लाखांवर संपतो असं उत्तर आलं तर वाईट वाटेल, पण मॅनेजर राउंडच्या आधी कळलेलं केव्हाही बरं.

आणि हो, माणूस नवा आहे म्हणून आकडा गुपचूप २१ करायचा मोह होतो. करू नका. अर्जातला १९ तिच्या समोरच असतो. दुसऱ्या ऑफरमुळे अपेक्षा खरंच वाढली असेल तर तसं कारणासकट लिहा, आणि ते ऑफर लेटर दाखवायची तयारी ठेवा, कारण ते मागतात. नसलेली ऑफर सांगणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

जुन्या रिक्रूटरबद्दल तक्रार असेल तर ती या मेलमध्ये नको. "तो राउंड अजून ठरलेला नाही" या वाक्यात उशीर झालाय हे पोचतं.

मेलऐवजी थेट फोन आला, तुम्ही बसमध्ये आहात, आणि समोरून "टेल मी अबाउट युवरसेल्फ" आलं, तर कॉलेजपासून सुरुवात करू नका. नाव, कुठली जागा, दोन राउंड झालेत, मॅनेजर राउंड बाकी आहे, ३१ ऑगस्टला मोकळी होतेय. मग म्हणा, "बाकी तारखा संध्याकाळी मेल करते." आणि खरंच करा, कारण त्या फोनचीही नोंद होईलच असं नाही.

हे सगळं पाठवण्याआधी समोरचा पत्ता मात्र बघा. मेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय ना? जीमेलवरून आला असेल आणि सॅलरी स्लिप किंवा आधार मागत असेल, तर जुन्या रिक्रूटरच्या अधिकृत पत्त्यावर विचारून खात्री करा. आणि कुणी पैसे मागितले, रजिस्ट्रेशनचे असोत की लॅपटॉप डिपॉझिटचे, तर तिथेच थांबा.

उत्तर नाही आलं तर? कामाचे दोन दिवस जाऊ द्या. मग त्याच थ्रेडवर एक ओळ: "२८ तारखेच्या आधी मॅनेजर राउंड शक्य आहे का, एवढंच कळवा." "एनी अपडेट?" असं लिहू नका, त्याला "विल लेट यू नो" एवढंच उत्तर येतं. २५ तारखेपर्यंत काहीच आलं नाही तर फोन करा, आणि तोही झाला नाही तर हातातल्या ऑफरला मुदत वाढवून मिळेल का, हे त्याच दिवशी त्यांना विचारा. २८ तारखेच्या संध्याकाळी विचारलंत तर फार उशीर होतो.