उलगडलेला कपडा वाळतो

नमस्कार. माझ्या हातात पाळीत वापरायची दोन कापडी पॅड आहेत, दोन्ही परवा रात्री 9 वाजता धुतली, सारखीच पिळली आणि वाळपईला आमच्या घराच्या पडवीत एकाच दोरीवर घातली. आज सकाळचे 11 वाजलेत म्हणजे 38 तास झाले. परीक्षक मॅडम, तुम्ही हात लावून बघा. दोन्ही कोरडीच लागतात ना? आता हा किचनचा काटा. हे पहिलं पॅड, बाजारात मिळतं तसं, सगळे थर एकत्र शिवलेलं. याचं कोरडं वजन 34 ग्रॅम, आता 37 दाखवतंय. म्हणजे 3 ग्रॅम पाणी, अर्ध्या चमच्याहून जास्त, अजून आतल्या थरांत बसलंय आणि हाताला त्याचा पत्ताच नाही. आणि हे आमचं, कोरडं वजन 20, आता पण 20 च आहे, खरं तर काल दुपारी 1 वाजताच 20 वर आलेलं.

आम्ही चौघीजणी, आमची स्टार्टअप कापडी पॅडची आहे आणि आम्ही फक्त या 3 ग्रॅमबद्दल बोलणार आहोत. कापडी पॅड धुवून उन्हात वाळवा असं प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं, पण ऊन कुठून आणायचं? गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि आमच्या सत्तरी तालुक्यात घाट जवळ म्हणून त्याहूनही जास्त. आमच्यातल्या दोघींनी आधी चांगली महाग कापडी पॅड घेतली होती, मे महिन्यापर्यंत मस्त चालली, जुलैत त्यांना कुबट वास यायला लागला आणि मग काठावर बारीक काळे ठिपके. बुरशी. दोघींनी ती टाकली आणि परत डिस्पोजेबलवर गेल्या.

मग आम्ही घरी आजीला विचारलं की तुमच्या वेळेला पावसात कसं करायचात. ती म्हणाली, जुन्या लुगड्याचा तुकडा, घडी घालायची, धुतला की उलगडायचा, एका रात्रीत वाळायचा, पण वाळायचा कुठे तर दुसऱ्या कपड्यांच्या खाली लपवून, नाहीतर न्हाणीघराच्या कोपऱ्यात, म्हणून त्रास व्हायचा. म्हणजे कापड बरोबर होतं, जागा चुकीची होती. आणि आजचं शिवलेलं पॅड जागा मिळाली तरी वाळत नाही, कारण त्याची घडी कायमची शिवून टाकलीय.

आम्ही ती घडी परत उघडली. आमच्या पॅडचे दोन भाग आहेत. खालचा होल्डर, त्याला पंख आणि बटण, आत पीयूएलचा एक थर, पीयूएल म्हणजे पॉलियुरेथेन चिकटवलेलं कापड, ते पाणी खाली जाऊ देत नाही, आणि दोन्ही टोकांना एकेक पट्टी. वर बसतो तो साधा सुती फ्लॅनेलचा चौकोन, 24 बाय 48 सेंटिमीटर. रुंदीत तीन घड्या, मग लांबीत एक, की 8 बाय 24 चं सहा थरांचं पॅड होतं, ते दोन पट्ट्यांखाली सरकवायचं. धुताना ओढून काढा, उलगडा, दोरीवर टाका, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, आणि दोरीवर तो हातरुमाल वाटतो. आमच्या घरी तो बाबांच्या रुमालाशेजारी वाळतो आणि कोणाला काही लपवायला लागत नाही, हे मला खूप मोठं वाटतं.

आता पैसे. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत धरा रोज 4 लागतात. शिवलेली पॅड पावसात 44 तास घेतात, पहिल्या रात्री धुतलेली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात येतात, तोवर 4 आणि 4 आणि 4, म्हणजे 12 पॅड घरात पाहिजेत. आमचा कपडा 16 तासांत वाळतो, पहिल्या दिवसाचे 4 दुसऱ्या दिवशी दुपारी परत तयार, म्हणून 8 पुरतात. एक कपडा आम्हाला 22 रुपयांना पडतो, एक होल्डर 65 ला. 8 कपडे आणि 3 होल्डर, 371 रुपये. विकणार 490 ला. महिन्याला डिस्पोजेबलवर 80-90 रुपये जात असतील तर सहा महिन्यांत वसूल. तसं 12 शिवलेली पॅड आम्ही स्वतः बनवली तरी खर्चच 900 होतो. लवकर वाळतं म्हणून कमी लागतात, कमी लागतात म्हणून स्वस्त पडतात, आमचा सगळा धंदा एवढ्या एका गोष्टीवर आहे.

(इथे घंटी वाजली. पुढचं परीक्षकांच्या प्रश्नांवर आम्ही दिलेली उत्तरं, एकत्र करून.)

सरांनी पहिलंच विचारलं की तुमचा काटा खरा कशावरून, पावसात कापूस स्वतःच हवेतलं पाणी ओढतो. अगदी बरोबर, आणि आम्ही हीच चूक पहिल्यांदा केली होती. कोरडं वजन मे महिन्यात लिहून ठेवलं आणि जुलैत तपासायला लागलो, तर कपडा काही केल्या त्या आकड्यावर येईना, एखादा ग्रॅम जास्तच राहायचा, आम्हाला वाटलं आमचं डिझाईन फेल. मग लक्षात आलं की न धुतलेला कपडा पण तेवढाच जड झालाय. तेव्हापासून प्रत्येक वेळी एक न धुतलेला तुकडा त्याच दोरीवर शेजारी टांगतो, दोन्ही जातींचा एकेक, आणि धुतलेला त्याच्या वजनाला आला की वाळला म्हणायचं. आज सांगितलेले 34 आणि 20 हे त्या शेजारच्या तुकड्यांचे पावसातलेच आकडे आहेत.

मॅडमनी विचारलं की गळतं का. पहिला लॉट गळला, हो. आम्ही पट्ट्या होल्डरच्या मधोमध शिवल्या होत्या, दिसायला छान, पण सुई पीयूएलमधून गेली की भोक राहतं आणि बरोबर त्याच रेषेत ओल खाली उतरते. ते कळलं कसं, तर होल्डरखाली टिश्यू पेपर ठेवला, वरून सिरिंजने हळूहळू लाल रंगाचं पाणी सोडलं, मग एक किलोचं वजन एक मिनिट ठेवलं, कारण माणूस बसतो तेव्हाच गळतं, नुसतं ओतून काही कळत नाही. टिश्यूवर ठिपक्यांची सरळ ओळ आली, टाक्यांच्या अंतराने. आता पट्ट्या फक्त टोकाच्या शिवणीत अडकवतो, मधे एकही टाका नाही. बाजूची शिवण मात्र अजून आमची कमजोर जागा आहे, कपडा काठापर्यंत भिजला की सुती काठ ती ओल बाहेर ओढतो, म्हणून जास्त जाणाऱ्या दिवशी तीन-चार तासांनी बदलायलाच लागतं, तिथे आम्ही सहा-आठ तासांचा दावा करत नाही.

दुसरा लॉट वेगळ्याच कारणाने फसला, तो पण सांगते कारण जो कोणी हे करायला जाईल त्याला पहिल्या आठवड्यात हेच भेटणार. कोऱ्या फ्लॅनेलला खळ असते. त्याच्यावर पाणी टाकलं तर थेंब मोत्यासारखा बसून राहतो, आत जातच नाही, आणि वापरणारीला वाटतं की कपडा शोषतच नाही. वर तो पहिल्या धुण्यात आटतो, आमचा 24 चा कपडा 22.5 वर आला आणि घडी होल्डरपेक्षा अरुंद झाली. आता अख्खा तागा कापायच्या आधी तीन वेळा धुवून घेतो आणि मग थेंबाची परीक्षा, थेंब टाकला की लगेच पसरला पाहिजे. हीच परीक्षा घरी पण चालते. सहा महिन्यांनी थेंब परत वर बसायला लागला तर समजायचं की कोणीतरी कपड्यांबरोबर फॅब्रिक कंडिशनर घातलंय, त्याचा थर धाग्यावर चढतो. एक-दोनदा नुसत्या गरम पाण्यात खळबळून काढला की बराचसा जातो. पण आधी रक्त पूर्ण गेलेलं पाहिजे, रक्ताला पहिलं पाणी थंडच, गरम पाण्यात रक्तातलं प्रोटीन शिजतं आणि डाग पक्का बसतो. आणि गरम पाणी फक्त चौकोनाला, होल्डरला नाही, इस्त्री पण नाही, पीयूएलचा थर सुटतो.

एका सरांनी म्हटलं की पावसात इस्त्री फिरवली की झालं, मग तुमचं वेगळं काय. सर, शिवलेल्या पॅडला पीयूएल आत असल्यामुळे इस्त्री फिरवताच येत नाही, आमच्या उलगडलेल्या कपड्याला येते. चार दिवस सूर्य दिसलाच नाही तर शेवटी एकदा दोन्ही बाजूंनी इस्त्री, हे आम्ही पाकिटातल्या कागदावर लिहिणार आहोत. चुलीवर वाळत घालायचं मात्र नाही लिहिणार, आमच्याकडे पावसात सगळे कपडे तसेच वाळवतात पण धूर कापडात राहतो आणि ते अंगाला लागायला नको.

सर्टिफिकेटचं विचारलं. रियुजेबल पॅडसाठी बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, वेगळा स्टॅंडर्ड आहे, आयएस 17514, 2021 मध्ये आलेला, आमचं पॅड त्याच्याखाली अजून टेस्ट झालेलं नाही. सिरिंज आणि काटा म्हणजे लॅब नव्हे. म्हणून बक्षिसाची रक्कम मिळाली तर पहिला खर्च लॅब टेस्टिंगचा, दुसरा ओव्हरलॉक मशीनचा, आत्ता आम्ही डिचोलीच्या एका टेलरकाकींकडे जाऊन त्यांच्या रिकाम्या वेळात काठ मारून घेतो आणि त्यांना चतुर्थीच्या आधीचे दोन महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणजे नेमकं पावसातच आमचं काम थांबतं.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून एका मुलीने विचारला, परीक्षक नव्हती ती. हॉस्टेलला राहते, कॉमन बाथरूम आहे, धुणार कधी आणि भिजवणार कुठे. तिला मी खरं तेच सांगितलं. कॉलेजमध्ये वापरलेला कपडा घरी नेईपर्यंत झिपच्या पिशवीत ठेवायला लागतो, त्याच दिवशी रात्री धुवायलाच लागतो, दुसऱ्या दिवसावर टाकला तर वास जात नाही, आणि तुझ्या मजल्यावर रात्री नळाला पाणी नसेल तर हे तुझ्यासाठी नाही, निदान चालू दिवसांत नाही. तिने विचारलं मग फक्त रात्री रूमवर वापरलं तर? तेव्हा आमच्या लक्षात आलं की 3 कपडे आणि 1 होल्डरचा छोटा सेट आम्ही कधी मोजलाच नव्हता. 131 रुपये खर्च येतो. तिला पुढच्या आठवड्यात एक देणार आहोत, वापरून बघायला, आणि सोबत काटा पण.