नातं ठेवून वेगळं राहण्याचा कायदेशीर मार्ग

नमस्कार श्रोतेहो. पन्नाशीतली एक बाई डोळ्यांपुढे आणा. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि घरात मारहाण चालते. तिला त्याच्यापासून सुटका हवी आहे, पण दुसरं लग्न करायचं नाही. तिने घटस्फोटच घ्यायला हवा का?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १०मध्ये तिच्यासाठी दुसरी वाट आहे, न्यायिक विभक्तता. कोर्टकचेरीत याला ज्युडिशिअल सेपरेशन म्हणतात. क्रूरता, व्यभिचार, सोडून जाणं ही घटस्फोटाची कारणं इथेही चालतात. हुकूमनामा झाला की नवऱ्यासोबत राहण्याचं बंधन संपतं. पोटगीही मागता येते. लग्न मात्र कायम राहतं, त्यामुळे दोघांपैकी कुणालाही दुसरं लग्न करता येत नाही.

या बाईला तेच सोयीचं आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी म्हणून ती त्याची वारस ठरते. केंद्राच्या नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्कही राहतो. विभक्तता तिच्याच व्यभिचारामुळे झाली असेल तर मात्र तो जातो. घटस्फोट झाला की पत्नी म्हणून असलेले हे दोन्ही हक्क संपतात. अर्थात, स्वकष्टाची मालमत्ता नवरा मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करू शकतो, हेही तिने धरून चालावं.

आणखी एक गोष्ट तिला आधीच माहीत हवी, कारण नंतर कळली तर जबर धक्का बसतो. हुकूमनाम्यानंतर वर्षभर किंवा जास्त काळ दोघं पुन्हा एकत्र नांदले नाहीत, तर कलम १३(१अ)खाली दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तिने अर्ज करून मिळवलेल्या हुकूमनाम्याच्या आधारे नवराही कोर्टात जाऊ शकतो.

त्याला तो मिळेलच असं मात्र नाही. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. पतीच्या व्यभिचारामुळे पत्नीने विभक्तता मिळवली होती. नंतर त्याने वर्ष उलटल्याचं सांगून घटस्फोट मागितला. मधल्या काळात त्याचे बाहेरचे संबंध चालूच होते आणि कोर्टाने ठरवलेली पोटगीही त्याने दिली नव्हती. आपल्याच गैरवर्तनाचा फायदा घेता येणार नाही, असं सांगून न्यायालयाने घटस्फोट नाकारला.

म्हणून, विभक्तता घेणाऱ्या बाईने पोटगी थकली की गप्प बसू नये. लगेच वसुलीचा अर्ज करावा, त्याची आणि बँकेच्या पासबुकाची नक्कल जपून ठेवावी. पुढे नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला, तर तिच्या वकिलाला सगळ्यात आधी हेच कागद लागतील.