डॉक्टरांचे तास कोणत्या रकान्यात?

मंडळी, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतली दहा आरोग्य उपकेंद्रं टेलिमेडिसिनने, म्हणजे कॉलवरून रुग्ण तपासण्यासाठी, नाशिक शहरातल्या डॉक्टरांशी वर्षभर जोडायची, असं धरून आपण अंदाजपत्रक मांडू. आकडे मी समजायला सोपे म्हणून गोल धरतोय, प्रत्यक्ष दर मागवाल तेव्हा बदलतील.

लॅपटॉप, ईसीजी यंत्र, डिजिटल स्टेथोस्कोप, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर मिळून एका केंद्राला १ लाख २० हजार धरा. दहा केंद्रांचे १२ लाख. बहुतेक प्रस्तावांत हाच भाग सविस्तर असतो. पुढे एक ओळ असते, ‘शहरातील डॉक्टर सेवाभावाने वेळ देतील’, आणि समोर शून्य.

त्या शून्यावर मला थांबायचंय. एका केंद्रातून दिवसाला सहा रुग्ण जोडले, तर दहा केंद्रांचे साठ. बोलणं, तपासणी, चिठ्ठी आणि नोंद धरून प्रत्येकी दहा मिनिटं लागतात. म्हणजे सहाशे मिनिटं, रोज दहा तास. दोन डॉक्टरांनी पाच-पाच तास बसायला हवं. महिन्याला २५ दिवस आणि तासाला ६०० रुपये धरले, तर वर्षाचे १८ लाख होतात. यंत्रांपेक्षा जास्त! ही रक्कम लिहिली नाही, तर डॉक्टर स्वतःची ओपीडी आटोपून मगच फोन उचलणार. तोवर सकाळच्या एसटीने आलेली बाई परतीची गाडी चुकू नये म्हणून उठून गेलेली असते. हे ओळखायला रजिस्टरमध्ये दोनच वेळा लिहा: कॉल लावला कधी, उचलला कधी. अंतर वाढत गेलं, की रुग्ण घटायच्या आधीच तुम्हाला कळेल.

जोडणीसाठी ब्रॉडबँड आणि पर्यायी सिम, दोन्हींचे मिळून केंद्राला महिन्याला १,२०० धरा. पण सिम घेण्याआधी जागेवर जाऊन बघा. दोन कंपन्यांची सिम एकाच टॉवरवर असतील, तर जुलैच्या पावसात वीज गेली की दोन्ही एकदम बंद पडतात. केंद्रातल्या विजेसाठी १५० अॅम्पिअर-अवरची, १२ व्होल्टची एक बॅटरी लावा. निम्मीच वापरली तरी ९०० वॉट-तास मिळतात. लॅपटॉप, राउटर आणि दिवा मिळून सत्तर वॉट घेतात. इन्व्हर्टरमधला तोटा वजा केला तरी दिवसभराचं काम भागतं.

प्रशिक्षणाचा खर्च एकदाच धरू नका. समुदाय आरोग्य अधिकारी बदलून गेल्या, की शिकवलेलं त्यांच्यासोबत जातं. सुरुवातीला दोन दिवस, महिन्याने एक दिवस आणि नव्या माणसासाठी राखीव रक्कम, असं ठेवा. शिकवायचं काय? स्टेथोस्कोप छातीवर नेमका कुठे ठेवायचा, खरजेचा फोटो खिडकीच्या उजेडात कसा काढायचा. आणि पोट दगडासारखं कडक लागत असेल, तर कॉल लावत बसायचं नाही, सरळ १०८ बोलवायची.